क्रेडिट कार्डावरची खरेदी हप्त्यांत बदलली तर वर्षाला खरोखर किती टक्के पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्डावर मोठी खरेदी झाली की एक-दोन दिवसांत बँकेचा संदेश येतो: ही रक्कम सोप्या मासिक हप्त्यांत बदला. त्या संदेशात हप्त्याची रक्कम ठळक असते, व्याजदर त्याखाली बारीक अक्षरांत असतो आणि प्रोसेसिंग फी व जीएसटी यांच्यासाठी केवळ ‘लागू असल्याप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर वर्षाला किती टक्के पडतात, हे मात्र त्यात कुठेच नसते. पुढील सर्व उत्तरांसाठी मी एकच उदाहरण घेतले आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी घेतलेला ₹६०,००० चा लॅपटॉप, १२ महिन्यांची मुदत, घटत्या शिलकेवर वार्षिक १५ टक्के व्याज आणि रकमेच्या १ टक्का, म्हणजे ₹६०० प्रोसेसिंग फी. तुमच्या बँकेचा दर आणि फी वेगळी असेल, पण हिशेबाची रीत हीच राहील.

बँकेने १५ टक्के सांगितले आहेत, तर खरा दर त्याहून वेगळा कसा असू शकतो?

बँकेने सांगितलेले १५ टक्के खोटे नसतात, ते अपुरे असतात. त्या दराने ₹६०,००० चा १२ महिन्यांचा हप्ता ₹५,४१५.५० येतो आणि वर्षभराचे एकूण व्याज ₹४,९८६ होते. इथपर्यंत संदेश आणि हिशेब जुळतात. परंतु त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वर्षभरात ₹८९७ होतो. प्रोसेसिंग फी ₹६०० आणि तिच्यावरचा जीएसटी ₹१०८ मिळून आणखी ₹७०८ जातात. म्हणजे लॅपटॉपच्या किमतीवर तुम्ही एकंदर ₹६,५९१ जादा देता, आणि त्यांतले ₹१,६०५ व्याजाच्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

दराच्या भाषेत सांगायचे तर जीएसटीचा परिणाम अगदी सरळ आहे. दरमहा शिलकेवर १.२५ टक्का व्याज लागते आणि त्या व्याजाचा १८ टक्के भाग कर म्हणून जातो, त्यामुळे शिलकेवर प्रत्यक्षात १.४७५ टक्का भरावा लागतो. वर्षाचे १५ टक्के तिथेच १७.७ टक्के होतात, मग मुदत तीन महिन्यांची असो वा दोन वर्षांची. त्यावर सुरुवातीला गेलेली फी धरली की या उदाहरणात दर २० टक्क्यांवर जातो. हा आकडा मासिक दराला १२ ने गुणून आलेला आहे. चक्रवाढ धरून मोजला तर तो २१.९ टक्के होतो. बँकाही आपला दर मासिक गुणिले १२ असाच सांगतात, त्यामुळे तुलना २० टक्क्यांशी करणे योग्य ठरते.

व्याजावर जीएसटी कसा? माझ्या गृहकर्जाच्या व्याजावर तर तो कधी लागला नाही.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि हा फरक बहुतेकांना पहिले बिल हातात पडेपर्यंत ठाऊक नसतो. कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे, म्हणून गृहकर्ज, वाहनकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज यांच्या व्याजावर कर लागत नाही आणि केवळ फीवर लागतो. पण २०१७ साली जीएसटी आला तेव्हा ज्या अधिसूचनेने ही सूट दिली, तिच्यातच क्रेडिट कार्ड सेवेतले व्याज स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. कार्डाच्या हप्त्यांचे व्याज हे कार्डसेवेतले व्याज समजले जाते, म्हणून त्यावर १८ टक्के लागतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कार्डाचा १५ टक्के दर आणि वैयक्तिक कर्जाचा १५ टक्के दर हे सारखे नाहीत. कार्डाच्या १५ टक्क्यांची तुलना वैयक्तिक कर्जाच्या १७.७ टक्क्यांशी करायला हवी.

जादा गेलेले ₹६,५९१ म्हणजे ₹६०,००० चे ११ टक्केच होतात. मग २० टक्के कुठून आले?

मला हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि तो अगदी स्वाभाविक आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

११ टक्के हे उत्तर तेव्हा बरोबर ठरले असते, जेव्हा पूर्ण ₹६०,००० वर्षभर तुमच्याकडे राहिले असते आणि शेवटच्या दिवशी तुम्ही ते एकरकमी परत केले असते. हप्त्यांत तसे होत नाही. पहिल्या हप्त्यात ₹४,६६५ मुद्दल परत जाते, दुसऱ्यात ₹४,७२४ जाते, आणि याप्रमाणे दर महिन्याला तुमच्याकडे असलेले बँकेचे पैसे कमी होत जातात. सहाव्या हप्त्यानंतर शिल्लक ₹३१,१०० च्या आसपास असते आणि अकराव्या हप्त्यानंतर केवळ ₹५,३४९ उरतात. बाराही महिन्यांच्या शिलकांची सरासरी काढली तर ती ₹३३,२४० येते. म्हणजे तुम्ही वर्षभरासाठी खऱ्या अर्थाने ₹६०,००० नव्हे, तर सरासरी सव्वातेहतीस हजार वापरलेत आणि त्यासाठी ₹६,५९१ मोजलेत. ₹६,५९१ ला ₹३३,२४० ने भागा, १९.८ टक्के येतात. उरलेला दोन दशांशाचा फरक फी सुरुवातीलाच जाते यामुळे पडतो.

‘फ्लॅट रेट’ म्हणून सांगितला जाणारा दर याच गैरसमजावर उभा असतो. आपल्या उदाहरणातले ₹४,९८६ व्याज मूळ ₹६०,००० वर मोजले तर वर्षाला ८.३१ टक्के, म्हणजे महिन्याला ०.६९ टक्का एवढेच दिसते. कोणी फोनवर ‘महिना फक्त पाऊण टक्क्याहूनही कमी’ असे सांगितले, तर तो दर मूळ रकमेवरचा आहे की घटत्या शिलकेवरचा, हा पहिला प्रश्न विचारावा.

मला संगणकावर हिशेब येत नाही. कागदावर खरा दर काढता येईल का?

येईल, आणि त्यासाठी तीनच आकडे लागतात: घटत्या शिलकेवरचा सांगितलेला दर, एकूण व्याज आणि एकूण जादा खर्च. सांगितलेल्या दराला एकूण जादा खर्चाने गुणावे आणि एकूण व्याजाने भागावे. आपल्या उदाहरणात १५ गुणिले ६,५९१ भागिले ४,९८६, म्हणजे १९.८ टक्के. एकूण व्याज काढायलाही अवघड काही नाही: हप्ता गुणिले महिने, वजा मूळ रक्कम. हे उत्तर खऱ्या दरापेक्षा किंचित कमी येते, पण निर्णय घ्यायला पुरेसे असते.

ज्यांना नेमका आकडा हवा असेल, त्यांनी एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये एका रकान्यात तेरा आकडे भरावेत. पहिल्या चौकोनात हातात आलेली रक्कम, म्हणजे ६०,००० वजा फी आणि तिचा कर, ५९,२९२. त्याखालच्या बारा चौकोनांत प्रत्येक महिन्याला जाणारी रक्कम उणे चिन्हासह, हप्ता अधिक त्या महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी. मग रिकाम्या चौकोनात हे सूत्र लिहावे:

```
=IRR(A1:A13)*12
```

पहिल्या महिन्याची रक्कम ५,५५०.५० आणि शेवटच्या महिन्याची ५,४२७.५३ अशी येते. उत्तर ०.२० दिसले म्हणजे २० टक्के. तारखा देऊन XIRR वापरल्यास चक्रवाढ धरलेले २२ टक्क्यांच्या आसपासचे उत्तर येईल. दोन्ही बरोबर आहेत, मात्र दोन बँकांची तुलना करताना दोन्हीकडे एकच सूत्र वापरावे.

हप्ता ₹५,४१५ सांगितला होता, पण पहिल्या बिलात ₹६,२५८ लागले. बँकेची चूक झाली का?

बहुधा नाही. बिलात हप्ता एका ओळीत येत नाही, त्याचे तुकडे वेगवेगळ्या ओळींत येतात. बँकेनुसार शब्द थोडे बदलतात, पण आपल्या उदाहरणाचे पहिले बिल साधारण असे दिसेल:

```
EMI PRINCIPAL 01/12    4,665.50
EMI INTEREST  01/12      750.00
IGST @18%                135.00
PROCESSING FEE           600.00
IGST @18%                108.00
```

पहिल्या दोन ओळींची बेरीज ₹५,४१५.५० होते, हाच सांगितलेला हप्ता. उरलेले ₹८४३ संदेशात नव्हते. फी एकदाच लागते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात रक्कम ₹५,५४० वर येते आणि पुढे व्याज घटेल तसा करही घटतो. काही बिलांत कराची ओळ IGST ऐवजी CGST आणि SGST अशा ९-९ टक्क्यांच्या दोन ओळींत असते, बेरीज तीच.

मी हप्त्यांचे पहिले रूपांतर केले तेव्हा या पाच ओळी मला वाचता आल्या नव्हत्या. मी बिलाची एकूण रक्कम पाहिली, काहीतरी इतर खरेदी असेल असे समजून भरून टाकली, आणि व्याजावर कर लागतो हे मला चौथ्या महिन्यात कळले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की पहिल्या बिलातली व्याजाची ओळ घ्या, तिचा १८ टक्के काढा आणि खालची कराची ओळ जुळते का ते पाहा. न जुळल्यास आदल्या महिन्याचा कर पुढच्या बिलात आलेला असू शकतो, तेही तपासावे.

व्याज कमी द्यावे लागावे म्हणून तीनच महिन्यांची मुदत घेतली तर दर कमी पडेल ना?

रुपये कमी जातील, पण दर वाढेल. फी मुदतीवर नव्हे, रकमेवर ठरते, हे याचे कारण. तीच ₹७०८ ची फी तीन महिन्यांच्या मुदतीत घेतली, तर हप्ता ₹२०,५०२ येतो, व्याज ₹१,५०६, त्यावरचा कर ₹२७१, आणि फीसह एकूण जादा खर्च ₹२,४८५. पैसे सरासरी दोनच महिने वापरायला मिळाले आणि फी मात्र पूर्ण गेली, म्हणून वर्षाचा दर २५ टक्के पडतो. २४ महिन्यांच्या मुदतीत तोच दर १९ टक्क्यांच्या आसपास येतो, परंतु एकूण खर्च ₹१२,२९६ वर जातो.

म्हणून दर आणि रुपये हे दोन्ही आकडे समोर ठेवावे लागतात. दोन बँकांपैकी किंवा कार्ड आणि अन्य कर्ज यांपैकी स्वस्त कोण, हे दरावरून ठरते, आणि माझ्या खिशातून किती जाणार, हे रुपयांवरून ठरते. मुदत लांबवून दर एका टक्क्याने खाली आणला म्हणून कोणी समाधान मानत असेल, तर तो जवळजवळ दुप्पट रुपये देत आहे.

तीन महिन्यांसाठीच पैसे हवे असतील, तर टक्केवारीने लागणाऱ्या फीऐवजी ₹१९९ सारखी ठरावीक फी असलेला पर्याय शोधावा. मोठ्या रकमेवर त्याने बराच फरक पडतो.

‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये खरोखर काहीच खर्च नसतो का?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही असे म्हटले होते. ‘नो-कॉस्ट’मध्ये बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सवलत आधी देते, म्हणून बेरीज मूळ किमतीइतकी दिसते.

लॅपटॉप ₹६०,००० चा, सहा हप्ते दरमहा ₹१०,००० चे, व्याजदर १५ टक्के, असे धरू. बँकेच्या खात्यावर कर्ज ₹५७,४६० चे नोंदले जाते, ₹२,५४० ची सवलत विक्रेता देतो आणि तेवढेच ₹२,५४० व्याज म्हणून बँक तुमच्याकडून वसूल करते. सवलत व्याज भरून काढते, पण व्याजावरचा कर भरून काढत नाही. तो ₹४५७ होतो. त्यात ₹१९९ ची फी आणि तिचा कर मिळून ₹२३५ धरले, म्हणजे ‘नो-कॉस्ट’चा खर्च ₹६९२ झाला.

हे ₹६९२ वर्षाला किती टक्के, याचे उत्तर मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती दुकानातच विचारावी लागते: पूर्ण रक्कम आज भरली तर किंमत किती? उत्तर ₹६०,००० असेल, तर दर वर्षाला सुमारे ४ टक्के पडतो आणि तो घेण्यासारखा आहे, मी स्वतः घेतो. पण एकरकमी पैसे देणाऱ्याला दुकानदार ₹५७,४६० ला लॅपटॉप द्यायला तयार असेल, तर ती ₹२,५४० ची सवलत तुम्ही व्याजापोटी सोडून दिलीत, आणि खरा दर १९ टक्क्यांच्या वर गेला. हप्त्यांची पाटी लावलेल्या दुकानात रोखीचा भाव विचारायला संकोच करू नये. ऑनलाइन खरेदीत हेच पाहायचे असेल, तर पैसे भरण्याच्या पानावर आधी एकरकमी पर्याय निवडून त्यावर मिळणारी कार्ड-सवलत लिहून घ्यावी, आणि मग हप्त्यांचा पर्याय निवडल्यावर ती टिकते की जाते ते पाहावे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार रूपांतरापूर्वी मुद्दल, व्याज आणि विक्रेत्याने किंवा बँकेने दिलेली सवलत स्वतंत्रपणे दाखवणे बँकेवर बंधनकारक आहे. व्याज असलेली योजना बिनव्याजी म्हणून खपवण्यास त्यात मनाई आहे. तेच तपशील बिलातही वेगळे दिसले पाहिजेत.

मध्येच पैसे आले तर हप्ते बंद करून व्याज वाचवता येईल का?

करता येते, पण त्याआधी ‘फोरक्लोजर’ची फी पाहावी. ती अनेक बँकांत उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्के आणि त्यावर जीएसटी अशी असते.

समजा, तीन हप्ते भरल्यावर बोनस आला. उरलेले मुद्दल ₹४५,८२८ आहे, त्यावर ३ टक्के म्हणजे ₹१,३७५, करासह ₹१,६२२. पुढच्या नऊ महिन्यांचे व्याज आणि त्यावरचा कर मिळून ₹३,४३६ वाचतील. फी वजा जाता ₹१,८१३ हातात राहतात, तेव्हा बंद करणे फायद्याचे आहे. नऊ हप्ते भरून झाल्यावर हाच विचार केला तर चित्र उलटते. मुद्दल ₹१५,८४९, बंद करण्याचा खर्च ₹५६१ आणि वाचणारे व्याज करासह केवळ ₹४६९. त्या वेळी हप्ते चालू ठेवणेच स्वस्त.

मात्र लवकर बंद करण्याने वाचलेले रुपये पाहून पहिला निर्णय बरोबर होता असे समजू नये. तिसऱ्या महिन्यात बंद केलेल्या या कर्जाचे सर्व खर्च धरले तर वापरलेल्या पैशांवर वर्षाला साडेचौतीस टक्के दर पडला. बोनस तीन महिन्यांत येणार हे आधीच ठाऊक असेल, तर बारा महिन्यांचे हप्ते घेणे हा फार महागडा मार्ग आहे.

रूपांतर खरेदीच्या दिवशीच करावे की बिल आल्यावर?

खरेदी कार्डावर साधी नोंदली गेली असेल, तर बिल तयार होईपर्यंत थांबण्यात सहसा फायदा असतो. बिलाची तारीख दर महिन्याच्या ४ तारखेला आहे आणि खरेदी ५ जूनला झाली, असे धरा. ६ जूनलाच रूपांतर केले तर पहिला हप्ता ४ जुलैच्या बिलात येईल. ४ जुलैचे बिल आल्यावर, देय तारखेच्या काही दिवस आधी रूपांतर केले, तर पहिला हप्ता ४ ऑगस्टच्या बिलात येईल आणि मधला महिना कार्डाच्या नेहमीच्या बिनव्याजी मुदतीत निघून जाईल. हे गणित तेव्हाच लागू पडते, जेव्हा आधीचे बिल पूर्ण भरलेले असते आणि बँक रूपांतराच्या दिवसापासून व्याज मोजते. दुकानातल्या यंत्रावरच हप्ते निवडले असतील, तर हा पर्याय उरत नाही.

यात एक धोका आहे. खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय चालू असेल, तर रूपांतर बिलात नोंदले जाण्यापूर्वी पूर्ण रक्कम कापली जाऊ शकते. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांवर हे काम ठेवू नये आणि रूपांतर झाल्यावर आता नेमके किती भरायचे, हे बँकेकडून लेखी घ्यावे.

हप्ता वेळेवर भरतो, पण बिलातली बाकी रक्कम पूर्ण भरत नाही. काही बिघडते का?

इथे सर्वांत मोठे नुकसान होते. हप्ता बिलाच्या एकूण देय रकमेचाच भाग असतो. बहुतेक बँका चालू हप्ता किमान देय रकमेत पूर्ण धरतात आणि इतर खरेदीचा छोटा हिस्सा त्यात मिळवतात. किमान रक्कम भरली की हप्ता भरला गेला असे वाटते, परंतु एकूण रक्कम बाकी राहिल्यामुळे इतर खरेदीची बिनव्याजी मुदत संपते आणि रोजच्या किराणा-पेट्रोलवरही कार्डाचे नेहमीचे व्याज सुरू होते. तो दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर करासह ४.१३ टक्के, म्हणजे वर्षाला ४९.५६ टक्के होतात. लॅपटॉपवर २० टक्के आणि भाजीवर पन्नास टक्के, असा तो हिशेब होतो. थकलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावण्यास २०२२ च्या निर्देशांनी मनाई केली आहे, पण खरेदीच्या थकबाकीवरचे व्याज त्याने थांबत नाही.

क्रेडिट लिमिट आणि रिवॉर्ड पॉइंट यांचे काय होते?

उरलेल्या मुद्दलाएवढी लिमिट अडकून राहते आणि प्रत्येक हप्त्यासोबत थोडी मोकळी होते. रिवॉर्ड पॉइंट हप्त्यांच्या व्यवहारांवर बहुधा मिळत नाहीत किंवा दिलेले परत घेतले जातात. १ टक्का परतावा देणारे कार्ड असेल, तर गमावलेले ₹६०० हेही फीसारखेच खर्चात धरावेत. तसे धरल्यास आपल्या उदाहरणातला दर २२ टक्क्यांच्या आसपास जातो.

वस्तू परत केली तर हप्ते आपोआप थांबतात का?

नाही. विक्रेत्याचा परतावा कार्डावर जमा होतो, पण हप्त्यांचे खाते स्वतंत्र असल्याने बँकेला ते रद्द करण्याची विनंती वेगळी करावी लागते. फी, तोवर लागलेले व्याज आणि त्यांवरचा कर बहुधा परत मिळत नाही. ‘नो-कॉस्ट’ खरेदीत परतावा सवलत वजा करून येतो, त्यामुळे भरलेले व्याज शेवटी तुमच्याच माथी राहते.

मग हप्ते घ्यावेत तरी केव्हा?

माझे मत स्पष्ट आहे: बिल पूर्ण भरणे शक्यच नसेल, तर करासह पन्नास टक्क्यांच्या थकबाकीत राहण्यापेक्षा २० टक्क्यांचे हप्ते कितीतरी बरे, आणि तेव्हा देय तारखेपूर्वी जरूर रूपांतर करावे. पण बँकेत ७ टक्क्यांची मुदत ठेव तशीच ठेवून २० टक्क्यांचे हप्ते भरणारे लोक मी पाहिले आहेत. ‘ठेव मोडायची नाही’ या भावनेपोटी ते वर्षाला तेरा टक्के गमावतात. ठेव मोडायची नसेल, तर तिच्यावर कर्ज मिळते. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच अधिक असतो आणि त्याच्या व्याजावर जीएसटीही लागत नाही.

फी किंवा व्याज सांगितल्यापेक्षा जास्त लावले असेल तर कुठे दाद मागावी?

रूपांतर करण्यापूर्वीच्या पडद्यावर दर, मुदत, हप्ता आणि फी दिसते, त्या पडद्याचे छायाचित्र तेव्हाच जपून ठेवावे, कारण नंतर ॲपमध्ये ते पान सापडत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. तक्रारीत केवळ ‘जास्त पैसे लावले’ असे न लिहिता, सांगितलेला दर, त्या दराने त्या महिन्याच्या शिलकेवर येणारे व्याज आणि बिलातले व्याज हे तिन्ही आकडे द्यावेत. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर पटण्यासारखे नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत, ते छायाचित्र आणि संबंधित महिन्यांची बिले जोडावी लागतात.